१० एचपी मोटारीच्या एका तासाला किती वीज लागते? सामाईक मोटारीचं बिल वाटण्याचा सोपा हिशोब

जुन्नर/आंबेगाव : साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. पण कुकडी, घोड नदीवरून लांब पाइपलाइन टाकून तिघाचौघांनी मिळून बसवलेली १० किंवा १५ एचपीची मोटार त्यात बसत नाही. तिचं बिल भरावंच लागतं, आणि वाद होतो तो वाटणीवरून.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून १० एचपीला तासाला ७.४६ युनिट, असा हिशोब बहुतेकजण करतात. इथंच चुकतं. मोटारीच्या पट्टीवरचे एचपी म्हणजे मोटार शाफ्टवर देते ती ताकद. मोटार वीज त्याहून जास्त ओढते, कारण काही वीज उष्णतेत जाते. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ७.४६ भागिले ०.८५, म्हणजे तासाला सुमारे ८.८ युनिट. जुन्या, दोन-तीनदा रिवाइंडिंग केलेल्या मोटारीला आणखी जास्त लागू शकतात.

आता दर. बिलावरचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा आणि त्याला वापरलेल्या युनिटने भागा. हिशोबापुरता तो ५ रुपये धरू. मग एक तास पडला ४४ रुपयांना.

समजा कांद्याच्या हंगामात मोटार २० दिवस रोज ८ तास चालली. एकूण १६० तास, १,४०८ युनिट, ७,०४० रुपये. चौघांची पाळी ७०, ४०, ३० आणि २० तास असेल, तर वाटणी ३,०८०, १,७६०, १,३२० आणि ८८० रुपये. ७.४६ ने हिशोब केला असता तर १,०७२ रुपये कमी जमले असते, आणि ते ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या अंगावर आले असते.

स्थिर आकार मात्र तासावर वाटू नका. मोटार बंद असली तरी तो लागतो, म्हणून तो हिश्श्याप्रमाणे घ्यावा.

पट्टी पुसली असेल किंवा शंका असेल, तर मीटरवर तपासा. मीटरवर दुसरं काही चालू नसताना रीडिंग लिहा, मोटार बरोबर एक तास चालवा, पुन्हा रीडिंग लिहा. फरक म्हणजे तुमच्या मोटारीचा खरा आकडा. तो ८.८ ऐवजी १०-११ निघाला, तर मोटार किंवा पंप वायरमनला दाखवा. बेअरिंग घासणं, इंपेलर अडकणं ही नेहमीची कारणं. फूटव्हॉल्व्हची जाळी चोंदली असेल तर युनिट वाढत नाहीत, पाणी कमी येतं आणि तेवढंच रान भिजवायला तास जास्त लागतात.

मीटर नसलेल्या जोडणीला हा हिशोब लागू नाही. तिथं बिल एचपीवर येतं, मोटार कितीही तास चालो.