भुंकण्यानंतरची शांतता

कुत्रा एकदा भुंकतो तेव्हा तो आवाज जेमतेम अर्धा सेकंद टिकतो. मी उघडलेली फाइल मात्र पाच सेकंदांची होती. उरलेल्या साडेचार सेकंदांत काय आहे, हे मी सुरुवातीला तपासलंच नाही. माझा छोटा प्रोग्रॅम कुत्रा आणि पाऊस अचूक वेगळे करू लागला, पण तो भुंकणं ऐकत नव्हता. तो शांतता मोजत होता.

ईएससी-५० हा २०१५ साली खुला झालेला ध्वनिसंग्रह आहे. त्यात ५० प्रकारचे आवाज आणि प्रत्येकाच्या ४० फाइली आहेत. सगळ्या पाच सेकंदांच्या, आणि जिथे आवाज कमी पडला तिथे शेवटी शून्यं भरलेली. इथूनच ही गोष्ट सुरू होते.

संगणकाला आवाज म्हणजे हवेच्या दाबाच्या आकड्यांची एक लांबलचक रांग. पायथनमधली लिब्रोसा ही लायब्ररी, वेगळं काही सांगितलं नाही, तर सेकंदाला २२,०५० आकडे या वेगाने फाइल वाचते. पाच सेकंदांचे झाले १,१०,२५०. या रांगेकडे कितीही बघितलं तरी त्यात कुत्रा दिसत नाही. म्हणून तिचे २,०४८ आकड्यांचे, म्हणजे सेकंदाच्या साधारण अकराव्या भागाएवढे तुकडे घ्यायचे. पुढचा तुकडा ५१२ आकडे सरकून, आधीच्यावर थोडा चढवून घ्यायचा. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा आवाज किती जोरात आहे ते काढायचं आणि हे उभे पट्टे शेजारी शेजारी लावायचे. हाच स्पेक्ट्रोग्राम. पाऊस त्यात खालपासून वरपर्यंत दाणेदार पसरलेला दिसतो. भुंकणं म्हणजे एकावर एक रचलेल्या आडव्या रेघांचा छोटा गठ्ठा, आणि त्यानंतर काळोख.

या चित्राच्या एकेका पट्ट्यात १,०२५ आकडे असतात. साध्या वर्गीकरणाला ते फार होतात, आणि आपला कान तरी कुठे ते सगळे सारखेच धरतो? ३०० वरून ४०० हर्ट्झला गेलेला सूर लगेच कळतो, ६,००० वरून ६,१०० ला गेलेला तितका ठळक जाणवत नाही. मेल मोजपट्टी कानाच्या या सवयीवर बेतलेली आहे. ती खालचे स्वर बारीक आणि वरचे ढोबळ कप्प्यांत गोळा करते. लिब्रोसात असे १२८ कप्पे होतात. त्यांचे डेसिबल काढायचे आणि त्या १२८ आकड्यांचा चढउतार मोजक्या गुणकांत पकडायचा. हे गुणक म्हणजे एमएफसीसी. पहिला गुणक एकूण जोर सांगतो. पुढचे सांगतात की तो जोर खालच्या आणि वरच्या स्वरांत कसा वाटला गेला आहे.

```python
import librosa
y, sr = librosa.load("1-100032-A-0.wav")
m = librosa.feature.mfcc(y=y, sr=sr, n_mfcc=13)
print(m.shape)     # (13, 216)
```

२१६ तुकडे आणि प्रत्येकाचे १३ गुणक. साध्या वर्गीकरणासाठी बहुतेक जण इथे प्रत्येक गुणकाची सरासरी काढतात, म्हणजे अख्ख्या फाइलचे १३ आकडे उरतात. माझी चूक इथेच दडली होती.

निव्वळ शून्यांच्या तुकड्यात १२८ही कप्पे सारखेच, अगदी तळाला असतात. जिथे चढउतारच नाही, तिथे पहिला गुणक खोल उणे होतो आणि उरलेले बारा शून्य येतात. भुंकणं साधारण २२ तुकड्यांत संपलं, तर सरासरीत १९४ शून्यं मिसळतात. भुंकताना १०० असलेला गुणक सरासरीत १० च्या आसपास उतरतो. पावसाच्या फाइलीत अशी शून्यं नसतात. मग वर्गीकरणाला भुंकण्याचा पोत ओळखायची गरजच पडत नाही. अखंड भुंकणारा कुत्रा ऐकवला की मात्र ते चुकतं.

ही चूक पकडायला `print(m[1:, -1])` एवढं पुरतं. शेवटच्या तुकड्याचे बाराही गुणक शून्यापाशी आले, तर तिथे आवाज नाही, भर आहे. मग गुणक काढण्याआधीच दोन्ही टोकांची शांतता कापायची:

```python
y, _ = librosa.effects.trim(y, top_db=40)
```

म्हणजे सर्वात मोठ्या आवाजापेक्षा ४० डेसिबलहून खाली असलेली टोकं गळतात. दोन भुंकण्यांमधली शांतता तशीच राहते. तिच्यासाठी `librosa.effects.split` वापरून आवाजाचे तुकडे वेगळे काढावे लागतात.

पहिल्या गुणकाबद्दलही मी आता सावध असतो. आवाजाच्या लहरीची उंची निम्मी केली, तर प्रत्येक कप्पा साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे पहिला गुणक सुमारे ६८ ने घसरतो आणि बाकीचे जवळपास जागचे हलत नाहीत. म्हणजे माइक लांब ठेवला एवढ्यानेही तो आकडा बदलतो. कुत्रा आणि पाऊस यांच्यासाठी मी तो सोडून देतो आणि `m[1:]` चीच सरासरी घेतो.