लिंकच्या खालच्या चार ओळी

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात मुलाखतींच्या वेळा लावण्याचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी मी उमेदवारांना एवढंच कळवायचे: ‘उद्या 11.30 वाजता ऑनलाइन मुलाखत. सोबत लिंक. शुभेच्छा.’ अकाउंट्सच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीने, खरं तर तिच्या फोनने, मला ही सवय सोडायला लावली.

ती मोबाइलवरून जोडली गेली होती. जीएसटीवरच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर असताना चित्र गोठलं. मी तिने दिलेल्या नंबरवर फोन लावला. नंबर त्याच मोबाइलचा! तिने घाईघाईने फोन उचलला, आणि माइक मुलाखतीकडून कॉलकडे गेला. पलीकडे नेट परत आलं, चित्र हलायला लागलं, पण साहेबांना तिचा आवाज येईना आणि मला मात्र येत होता. हा गोंधळ निस्तरेपर्यंत दहा मिनिटं गेली. तिची वेळ होती पंचवीस मिनिटांची.

चूक तिची नव्हती. मी ‘पर्यायी नंबर’ मागितला होता, पण तो कशाला पर्यायी ते लिहिलं नव्हतं. मुलाखत ज्या फोनवर चालू आहे त्याची बॅटरी संपली किंवा रेंज गेली, तर त्याच फोनचा नंबर काय कामाचा? आता मी स्पष्ट लिहिते, की दुसऱ्या फोनचा नंबर द्या, आईचा, भावाचा, शेजारच्या काकांचा, कुणाचाही चालेल, फक्त तो फोन त्या वेळी तुमच्या हाताशी हवा आणि जमल्यास सिमकार्ड वेगळ्या कंपनीचं हवं. आमच्याकडून कोणत्या नंबरवरून फोन येईल तेही कळवते. अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं? मीही नाही उचलत.

वेळेच्या बाबतीतही मी शहाणी व्हायला उशीरच लावला. ‘दहा मिनिटं आधी या’ असं लिहायचे. दिवसभर एकच लिंक असते आणि आधीचा उमेदवार आत बोलत असतो, म्हणून आम्ही वेटिंग रूम चालू ठेवतो. बाहेरच्या माणसाला कोरा पडदा दिसतो आणि थोड्या वेळात आत घेतलं जाईल अशी एक ओळ. साहेब बोलण्यात रंगले की तो ‘थोडा वेळ’ वीस मिनिटांचा होतो. लिंक चुकली असं समजून एक मुलगा निघून गेला होता. तेव्हापासून मी किती वाजता यायचं ते लिहितेच, शिवाय किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, तेही लिहिते.

वेटिंग रूममध्ये मला फक्त नाव दिसतं. ‘रेडमी’ किंवा ‘पप्पा’ नावाचं कुणी बाहेर उभं असेल तर आत कुणाला घ्यायचं? गूगल मीटवर फोनमध्ये ज्याचं खातं उघडं, त्याचं नाव दिसतं. भावाच्या खात्यावरून आलात तर माझ्या यादीत नसलेला भाऊच दारात उभा राहतो.

हे सगळं आदल्या दिवशीच्या चाचणीत कळतं. चाचणी त्याच उपकरणावर, त्याच खोलीत आणि साधारण त्याच वेळेला करायची. रात्री दहाला धावणारं नेट सकाळी साडेअकराला धावेलच असं नाही. झूम असेल तर zoom.us/test या पानावर कुणाचीही वाट न पाहता माइक, स्पीकर आणि कॅमेरा तपासता येतो. ब्राउझर माइकची परवानगी मागतो, तिथे घाईत ‘नाही’ दाबलं असेल तर तेही इथेच उघड होतं. अ‍ॅप उतरवायचं असेल तर तेही तेव्हाच उतरवावं. चाचणीत न सापडणारी गोष्ट म्हणजे वीज. आपल्याकडे बऱ्याच भागांत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, आणि वीज गेली की घरातलं वायफायही जातं. म्हणून गुरुवारच्या मुलाखतीला मी एक जास्तीची ओळ घालते: मोबाइल डेटा तयार ठेवा.

आता जाणारा निरोप असा असतो:

‘मुलाखत बुधवारी सकाळी 11.30 ते 11.55. लिंकवर 11.25 ला या, नाव पूर्ण लिहा. 11.45 पर्यंत आत घेतलं नाही तर खालच्या नंबरवर फोन करा. त्याच फोनवर आणि त्याच जागी मंगळवारी माइक-कॅमेरा तपासा. दुसऱ्या फोनचा नंबर मंगळवारी संध्याकाळी 5 पर्यंत कळवा. मध्येच संपर्क तुटला तर आधी त्याच लिंकवर परत या. 3 मिनिटांत जमलं नाही तर आम्ही दुसऱ्या फोनवर कॉल करू आणि मुलाखत तिथेच पुढे चालू ठेवू.’

या निरोपातलं शेवटचं वाक्य साहेबांकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं. नाहीतर उमेदवार फोन धरून बसतो आणि इकडे पुढच्याला बोलावलेलं असतं.

तुम्ही उमेदवार असाल आणि तुम्हाला नुसती लिंक आली असेल, तर आदल्या दिवशी उलट विचारा: संपर्क तुटला तर कुणाला फोन करू? आमच्यासारख्या ऑफिसात असं विचारणाऱ्याचं कुणाला वाईट वाटत नाही.