आघातानंतरची भीती ओसरत का नाही?

आघातोत्तर ताण विकारात, म्हणजेच पीटीएसडीमध्ये, घटना संपलेली असते. पण मेंदू धोका अजून टळलेला नाही असे मानून चालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लोक गाढ झोपेत होते आणि दगडमातीची घरे त्यांच्या अंगावर कोसळली. अशा ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाचे उदाहरण घेतले, तर या विकारात काय बिघडते ते समजते.

संकटाच्या क्षणी मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग आजूबाजूच्या खुणा धोक्याशी जोडतो. जमिनीची घरघर, अंधार, मातीचा वास या साऱ्या त्या खुणा. त्याच वेळी स्रवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन ही आठवण आणखी पक्की करते. ‘हे केव्हा आणि कुठे घडले’ याची नोंद मात्र हिप्पोकॅम्पस ठेवतो. पीटीएसडीमध्ये भीतीची खूण ठळक राहते आणि स्थळकाळाची नोंद दुबळी पडते. म्हणून कित्येक महिन्यांनी रात्री रस्त्यावरून ट्रक गेला, तरी त्या माणसाचे शरीर भूकंप झाल्यासारखे वागते. छाती धडधडते, घाम फुटतो आणि तो उठून दाराकडे धावतो.

एरवी ट्रक अनेकदा गेला आणि काहीच झाले नाही की भीती उतरते. जुनी आठवण पुसली जात नाही. ‘हा आवाज आता सुरक्षित आहे’ अशी नवी आठवण तिच्यावर तयार होते आणि मेंदूचा पुढचा भाग अमिग्डालाला आवरतो. पीटीएसडीमध्ये हा लगाम सैल पडतो. शिवाय माणूस घरात झोपणेच टाळू लागला, तर घर सुरक्षित असल्याचा अनुभव त्याला मिळतच नाही आणि भीती टिकून राहते.

याला सततच्या सावधपणाची जोड मिळते. झोप तुटते, लहानशा आवाजाने दचकायला होते, चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही.

भूकंपानंतर पहिले काही दिवस घाबरणे, रडणे, झोप न लागणे हे स्वाभाविकच असते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. आठवण दुःख देते, पण ती मागे घडून गेलेल्या गोष्टीची आठवण असते. पीटीएसडीत ती नको असताना घुसते आणि घटना आत्ताच घडत असल्यासारखी वाटते. अशा आठवणी, टाळाटाळ, मनातील विचार व भावनांत झालेला बदल आणि अतिसावधपणा ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर निदान केले जाते. आप्त गमावल्याचा शोक तीव्र असला, तरी त्याला केवळ तेवढ्यावरून पीटीएसडी म्हणता येत नाही.

उपचारांची दिशाही यातूनच ठरते. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने रुग्ण ती आठवण क्रमाक्रमाने सांगतो आणि टाळलेल्या, पण आता सुरक्षित असलेल्या जागी पुन्हा जातो. त्यामुळे सुरक्षिततेची नवी आठवण बळकट होते. जुनी आठवण मात्र शाबूत असल्याने मोठ्या ताणात किंवा अनोळखी जागी भीती पुन्हा डोके वर काढू शकते; म्हणून हा सराव निरनिराळ्या ठिकाणी करावा लागतो.