होकार कोणत्या पडद्याला?

संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडले की पडद्यावर क्यूआर कोड दिसतो. त्या कोडमध्ये खातेदाराची माहिती नसते. त्यात तो दाखवणाऱ्या ब्राउझरची तात्पुरती ओळख असते, म्हणूनच कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो. फोनने तो स्कॅन केला की खाते त्या ब्राउझरला जोडले जाते, मग तो ब्राउझर कोणाचाही असो. बक्षिसाच्या किंवा मतदानाच्या नावाखाली आलेला कोड भामट्याच्या संगणकावरचाही असू शकतो. त्यामुळे स्वतः उघडलेल्या पडद्यावरचाच कोड स्कॅन करावा.

फोनवर येणाऱ्या ‘लॉगिन करणारे तुम्हीच का?’ या सूचनेलाही हेच लागू पडते. लॉगिन सुरू केलेले नसताना ती आली, तर बहुधा पासवर्ड फुटलेला असतो. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा सूचना वारंवार आल्या. अखेर त्याने एक मंजूर केली आणि हल्लेखोर आत शिरला. म्हणून कितीही वेळा सूचना आली तरी नकारच द्यावा आणि पासवर्ड लगेच बदलावा. चुकून कोड स्कॅन झाला असेल, तर व्हॉट्सॲपच्या Linked devices यादीतून अनोळखी उपकरण ताबडतोब काढून टाकावे.