सिमेंटचं पोतं किती दिवस टिकतं?

मे महिन्यात स्लॅबची तयारी होते, कोल्हापुरात मृगाचा पाऊस वेळेवर लागतो आणि सेंटरिंग अर्धवट राहतं. आणलेली सिमेंटची पोती मग खोलीत पडून राहतात. जुलैत पाऊस उघडला की मालक विचारतात, "हे चालेल का?" मिस्त्री हाताने एक खडा फोडून सांगतो, "चाळून घेऊया, काही होत नाही." आपल्याकडच्या बांधकामांवर सिमेंटविषयीचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

सिमेंटला पाणी मिळालं की ते जुळायला लागतं. त्यासाठी बादलीभर पाणी लागत नाही, पावसाळी हवेतली वाफही पुरते. दाण्यांच्या पृष्ठभागावर ती क्रिया सुरू होते आणि दाणे एकमेकांना चिकटून खडा तयार होतो. एकदा जुळलेला दाणा फोडला, चाळला तरी पुन्हा जुळत नाही. बांधकामात तो फक्त बारीक, कमजोर वाळूसारखा पडून राहतो. शिवाय चाळणीतून खाली पडलेली पूड ताजी असते असंही नाही, तिच्या दाण्यांवरही ओल बसलेली असते. "दोन घमेली सिमेंट जास्त घालू" हा उपायही अंदाजपंचे आहे, कारण किती ताकद गेली हेच आपल्याला माहीत नसतं.

मात्र पोतं कडक लागलं म्हणजे ते वायाच गेलं, असंही नाही. थप्पीत तळाच्या पोत्यावर वरच्या नऊ पोत्यांचा, म्हणजे साडेचारशे किलोचा भार असतो. त्याने सिमेंट नुसतं दाबलं जातं. असं पोतं जमिनीवर दोन-चार वेळा लोळवलं की आतला माल पुन्हा मोकळा होतो आणि उरलेले खडे चिमटीत पूड होतात. लोळवूनही खडे तसेच राहिले, चिमटीत फुटले नाहीत, तर ते पोतं स्लॅब, कॉलम, बीमसाठी बाद. मूठभर सिमेंट पाण्यावर टाकून तरंगतं का पाहणं या कामी पुरेसं नाही, त्यातून ताकद कळत नाही.

पोतं शिवलेलं आहे म्हणून आत हवा जात नाही, ही समजूतही खरी नाही. भरताना अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून विणलेल्या पोत्याला बारीक छिद्रं असतात, त्यातूनच ओल आत जाते. म्हणून पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापतात. भारतीय मानकानुसार पोत्यातलं सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं, तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. ही औषधासारखी मुदत नव्हे. कोरड्या जागेत नीट ठेवलेलं सिमेंट चौथ्या महिन्यातही तपासणीत उतरू शकतं, आणि ओल्या भिंतीला टेकवलेलं दुसऱ्याच महिन्यात जातं. दुकानातले दिवसही त्याच तीन महिन्यांत मोजायचे. पोत्यावर १८वा आठवडा असेल, तर ते मेच्या सुरुवातीचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलं तेव्हाच त्याचा एक महिना संपलेला असतो.

ताडपत्री टाकली की काम झालं, असं मानणाऱ्यांचं लक्ष खालून येणाऱ्या ओलीकडे नसतं. समजा, फुलेवाडीतल्या घरासाठी शंभर पोती ठेवायची आहेत आणि खोली आहे दहा बाय बारा फुटांची. फरशीवर विटांवर फळ्या टाकून अर्ध्या फुटाचा ओटा करा आणि त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरा. चारही भिंतींपासून दोन-दोन फूट जागा सोडली की मध्ये सहा बाय आठ फुटांची जागा उरते. तिथे एका थरात बारा पोती बसतात, म्हणजे शंभर पोत्यांना नऊ थर पुरतात. दहा थरांच्या वर जाऊ नये. एवढ्या उंच थप्पीत पोती आडवी-उभी सांधत रचावीत, नाहीतर ती घसरते. तळातलं प्लॅस्टिक वर घेऊन सगळी थप्पी गुंडाळा आणि दारं-खिडक्या बंद ठेवा. माल दोन खेपांत आला, तर दोन थप्प्या वेगळ्या लावा आणि जुनी आधी वापरा.

नदीकाठच्या पेठांत २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर पोती वरच्या मजल्यावर नेण्याची पद्धत पडते आहे. हेतू बरोबर आहे, पण दहा थरांची थप्पी चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास भार देते आणि घराचा स्लॅब साधारण दोनशे किलोच्या हिशेबाने केलेला असतो. तिथे पोती एकाच थरात पसरावीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की हलवाहलव सुरू करावी, धोक्याच्या ४३ फुटांची वाट पाहू नये.

माल उतरवून घेण्याआधी प्रत्येक खेपेतल्या चार-पाच पोत्यांवरचा आठवडा वाचा. दोन महिने उलटून गेलेला माल पावसाळ्याच्या तोंडावर आला असेल, तर गाडी तशीच परत पाठवा.