साठ म्हटलं, आठ ऐकू आलं

आज आम्ही कानाबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात करणार आहोत बचत गटाच्या वहीपासून.

आमच्या ओळखीच्या एका गटात बावन्न वर्षांच्या एक काकू आहेत. कितीतरी वर्षं गटाची वही त्यांच्याकडे होती. मग हिशेब चुकू लागला. कुणी दंडाचे “साठ” म्हटलं की काकू “आठ” लिहायच्या. पेटीत पैसे जास्त आणि वहीत कमी, त्यामुळे चोरीचं कुणी बोललं नाही. पण “काकूंचं लक्ष नसतं” असं सगळ्या म्हणू लागल्या. काकू उलट चिडायच्या, “तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.” घरी सुनेशीही याच कारणावरून खटके. शेवटी काकूंनी वही दुसरीकडे दिली आणि बैठकीत मागे भिंतीशी बसू लागल्या.

आता “साठ” आणि “आठ” हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. फरक फक्त सुरुवातीच्या “स”चा. “आ” हा जाड, भरदार आवाज आहे. “स” हा बारीक, शिट्टीसारखा. आतला कान हळूहळू झिजतो तेव्हा बहुतेक वेळा आधी बारीक आवाज जातात. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही.” आवाज पोचतो, शब्द अर्धा पोचतो. बाईला ट्रॅक्टर ऐकू येतो, कुकरची शिट्टीही जवळून येते, म्हणून कान गेलाय असं कुणालाच वाटत नाही.

काकू तालुक्याहून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. कानात मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. जाड आवाज त्यांना ठीक ऐकू येत होते. बारीक आवाज मात्र दोन्ही कानांनी ५५ डेसिबलपर्यंत वाढवल्यावरच ऐकू आले. साधारण २५ डेसिबलच्या आत ऐकू आलं तर कान चांगला धरतात. डॉक्टरांनी पुढे विचारलं, “शुगर, बीपी कधी तपासलंय?” कधीच नाही. तपासलं तर उपाशीपोटी साखर १८८ आणि बीपी १६४/१००. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तरी दोन्ही वाढलेलंच. घरात मालकांची विडी दिवसभर चालू आणि काकूंची सकाळ-संध्याकाळ मिश्री.

कानाचा आणि साखरेचा काय संबंध, असं आम्हालाही वाटलं होतं. तो असा आहे.

कानाच्या पडद्याच्या आत, हाडात, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक भाग असतो. तो जेमतेम वाटाण्याएवढा. त्यात केसासारखी टोकं असलेल्या सुमारे पंधरा हजार बारीक पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि निरोप मेंदूकडे जातो. या पेशींना सतत ताजं रक्त लागतं. पण आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी मुख्यतः एकच, तीही अगदी बारीक. चारीच्या टोकाला असलेल्या शेतासारखं समजा. वर कुठे अडलं की पाणी द्यायला दुसरा पाट नाही.

जास्त साखर वर्षानुवर्षं रक्तात राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, जशा ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदतात. डोळ्याच्या आणि किडनीच्या वाहिन्यांचं तेच होतं. साखरेने कानाची नससुद्धा बिघडू शकते. वाढलेल्या बीपीने वाहिन्या कडक आणि अरुंद होतात. विडीच्या धुरातलं निकोटीन त्या आवळतं, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. म्हणजे आधीच कमी आलेल्या पाण्यातही कस नाही. तिन्ही एका घरात आली की टोकाचं शेत सगळ्यात आधी सुकतं. आणि सुकलेली ती पेशी माणसात परत उगवत नाही.

मिश्रीचं काय? तिच्यात धूर नाही, पण निकोटीन आहेच. कानाच्या नुकसानीचा पुरावा विडी-सिगारेटबाबत जास्त भक्कम आहे. म्हणून मिश्री बरी, असा अर्थ मात्र घेऊ नका. तोंडाच्या कर्करोगाला ती कारण आहेच.

डॉक्टरांनी काकूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. यात वयाचा वाटा किती, साखरेचा किती, बीपीचा किती, हे वेगळं मोजता येत नाही. गेलेलं परत येणार नाही. साखर आणि बीपी ताब्यात ठेवलं तर उरलेलं जास्त काळ टिकू शकतं. काकूंनी गोळ्या सुरू केल्या, मिश्री सोडली, मालक विडीला अंगणात जाऊ लागले. वर्षाने पुन्हा तपासणी झाली तेव्हा आकडे जवळजवळ तेच होते. काकू नाराज झाल्या. डॉक्टर म्हणाले, “खाली गेलं नाही, हाच फायदा.”

कानाला यंत्रही लागलं. यंत्र आवाज वाढवतं, पण गोंगाटातून शब्द निवडून देत नाही. म्हणून गटाने एक सवय लावली आहे. आकडा समोर बघून आणि फोडून सांगायचा: “साठ, सहावर शून्य.” वही परत काकूंकडे आली आहे.

तुमच्या गटात हे करून बघा. मैत्रिणीच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, म्हणजे तिला ओठ दिसणार नाहीत. तिने एक कान बोटाने बंद करावा. मग “साठ, सात, हात, आठ” असे शब्द कुजबुजून, मागेपुढे करून म्हणा. ती वारंवार चुकली तर कानाची तपासणी करून घ्या. आणि चुकली नाही तरी, तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात शुगर आणि बीपी तपासून घ्या. ही दोन्ही दुखणी बऱ्याचदा काहीही न दुखवता वाढतात. ज्यांना आधीच शुगर आहे, त्यांनी डोळे आणि पाय तपासताना कानाबद्दलही डॉक्टरांना विचारावं. कानात सतत सूं आवाज येत असेल किंवा अंधारात चालताना तोल जात असेल, तर तेही सांगावं. तोल सांभाळणारा भागही त्याच आतल्या कानात असतो.

दोन गोष्टी करू नका. कानात तेल घालू नका. बिघाड पडद्याच्या पलीकडे आहे, तेल तिथे पोचत नाही. आणि ऐकू कमी येतंय म्हणून बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

शेवटचं नीट लक्षात ठेवा. आज सांगितलेला बिघाड वर्षांच्या हिशेबाने होतो. पण एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम ऐकू येणं बंद झालं, तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे. बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. त्या औषधांनी साखर वाढू शकते, म्हणून शुगर असेल तर ते आधी सांगा.