एका आकड्यावर हलणारं पेरणी यंत्र

खरिपात वऱ्हाडातलं सोयाबीन साधारण 45 सेंटिमीटरवर पेरतात, रब्बीचा हरभरा बरेचदा 30 वर. जुन्या तिफणीत हे अंतर आडव्या लाकडाच्या तीन भोकांनी ठरायचं. अंतर बदलायचं तर लाकूडच नवं घडवायचं. आता समजा अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला ट्रॅक्टरचं पाच फणांचं पेरणी यंत्र दोन्ही अंतरांसाठी बनवायचं आहे. दांडी, बियाण्याची पेटी, तिची भोकं, नळ्या, बी सोडणारा दांडा असे कितीतरी भाग पुन्हा काढायचे?

एकही नाही! गंमत अशी की संगणकावर आधी यंत्र काढतच नाहीत. काढतात फक्त रेषा: जमिनीची, दांडीची, मधली आणि ओळींच्या पाच. हा झाला सांगाडा. त्याला जाडी नाही, वजन नाही. प्रत्येक भाग मात्र याच रेषांना बांधलेला असतो. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अंतराला नाव देऊन दांडीची लांबी सूत्राने लिहिता येते:

```
dandi = (oli - 1) * antar + 2 * kad
```

पाच ओळी, 45 चं अंतर आणि दोन्हीकडे 10 ची कड धरली, तर दांडी 200 सेंटिमीटर. `antar` 30 करा, दांडी 140 वर येते. त्याच क्षणी पेटी आखडते, तिची भोकं जवळ सरकतात आणि नळ्या फणांवर सरळच उतरतात. बाजारातून आणलेलं बेअरिंग तेवढं जसंच्या तसं राहतं.

खरं डोकं लागतं ते रेषा कुठून मोजायच्या हे ठरवताना. डाव्या टोकापासून मोजल्या, तर 30 करताच ओळींचा मध्य ट्रॅक्टरच्या मध्यापासून 30 सेंटिमीटर डावीकडे जातो आणि यंत्र तिरकं ओढलं जातं. म्हणून मापं मधल्या रेषेपासून द्यायची.

दुसरी खोड अशी, की घाईत नळी सांगाड्याऐवजी पेटीला बांधली जाते आणि पुढे पेटी नळीला. मग कोण कोणाच्या आधी हे संगणकाला कळत नाही आणि तो चक्राकार संदर्भाची तक्रार करतो. सांगाड्यातली रेषा पुसून तशीच नवी काढली, तरीही तिला बांधलेले भाग अनेकदा सुटतात. रेषा ठेवून फक्त माप बदलावं. बांधणी पक्की आहे का हे पाहायला अंतर मुद्दाम 20 आणि 60 करून बघा. काही तुटायचं असेल तर तिथेच तुटेल, पत्रा कापण्याआधी.

एक गोष्ट मात्र या सांगाड्याला दिसत नाही. चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक नळीतून पडणारं बी तेवढंच राहतं, पण ओळी 45 वरून 30 वर आल्या की एकरी बी दीडपट होतं. तेव्हा चाक उचलून हाताने फिरवा, नळ्यांखाली पिशव्या बांधा आणि पडलेलं बी तोलूनच यंत्र शेतात न्या.